उत्तर: फरकातले जास्तीचे 5,000 रुपये सुरुवातीच्या साठ्यात आहेत

> अंबडच्या युनिटचा साठा 500 वरून 800 नग झाला, स्थिर ओव्हरहेड नगाला 50 रुपये. मग ॲब्सॉर्प्शन आणि व्हेरिएबल कॉस्टिंगच्या दोन नफ्यांत 15,000चा फरक हवा, 20,000 का येतोय?

300 गुणिले 50 हे गणित दोन्ही वर्षांचा दर सारखा असेल तरच चालतं. तुमचा स्थिर खर्च दोन्ही वर्षी 5 लाखच आहे, पण गेल्या वर्षी 12,500 नग काढले होते, यंदा 10,000. म्हणजे गेल्या वर्षीचा दर 40 होता. फिफो धरलं, म्हणजे आधीचा माल आधी विकला गेला असं मानलं, तर सुरुवातीच्या साठ्यात 25,000 नव्हे, 20,000 अडकले होते, शेवटच्या साठ्यात 40,000.

ॲब्सॉर्प्शनमध्ये स्थिर ओव्हरहेड नगांवर वाटून साठ्यातही धरतात, म्हणून यंदा नफ्यातून वजा झाले 20,000 अधिक 5,00,000 उणे 40,000, म्हणजे 4,80,000. व्हेरिएबलमध्ये स्थिर खर्च साठ्यात धरतच नाहीत, म्हणून अख्खे 5,00,000. त्यामुळे ॲब्सॉर्प्शनचा नफा 20,000नं जास्त. तुमचा ताळा बरोबरच आहे.

म्हणून नगांचा फरक काढूच नका. दोन्ही साठ्यांतली ओव्हरहेडची रक्कम वेगवेगळी काढून वजाबाकी करा. दर असा चढला की साठा 500 वरून 450 वर उतरला तरी (450 गुणिले 50, म्हणजे 22,500) ॲब्सॉर्प्शनचाच नफा 2,500नं जास्त दिसेल. परीक्षेत हमखास इथेच फसवतात!

दर ठरवून दिलेला असेल आणि कमी-जास्त वसुली त्याच वर्षी नफा-तोट्यात टाकली असेल, तर ती या जुळवणीत पुन्हा धरू नका.