टिकर कडेला कापलाय का बघा

> सोसायटीच्या ग्रुपवर 'उद्या लोकल बंद' असा न्यूज चॅनलचा स्क्रीनशॉट फिरतोय. खरा आहे का?

मला तरी बनावट वाटतो. खालचा टिकर बघा. हा चॅनल तो सरकवत दाखवतो, म्हणजे खऱ्या फ्रेममध्ये कडेला एखादं अक्षर बहुतेकदा अर्धवट कापलेलं दिसतं. इथे अख्खं वाक्य पूर्णविरामासकट मधोमध बसलंय! (काही चॅनलांवर ओळ सरकत नाही, पालटते, तिथे ही खूण चालत नाही.)

आता झूम करा. लोगोच्या कडा फुटल्यात, पण ब्रेकिंगच्या पट्टीवरची अक्षरं कोरीव. एकाच फ्रेममधलं सगळं एकत्र कॉम्प्रेस होतं, त्यामुळे एवढा फरक पडायला नको. जुन्या फ्रेमवर नवा मजकूर चिकटवलाय. तरी शंका असेल तर स्क्रीनवरची वेळ बघून चॅनलच्या यूट्यूबवर तेच बुलेटिन काढा आणि पट्टीचा फॉन्ट जुळवा.