शब्दचर्चा: कर्णावर लंब टाकल्यावर होणाऱ्या दोन तुकड्यांना काय म्हणावं?

मोहोर
दहावीच्या एका सरावपत्रकाचं मराठीकरण चालू आहे. △ABC मध्ये B हा काटकोन, AB = 15, BC = 20, म्हणून कर्ण AC = 25. B मधून कर्णावर BD हा लंब टाकला की AD = 9 आणि DC = 16 असे दोन तुकडे पडतात आणि BD येतो 12. पहिलं विधान सरळ आहे: लंब हा दोन तुकड्यांचा भूमितीमध्य, कारण 12 × 12 = 9 × 16.

अडलंय दुसऱ्या विधानावर. ‘काटकोन करणारी प्रत्येक बाजू ही कर्ण आणि त्या बाजूलगतचा कर्णाचा भाग यांचा भूमितीमध्य असते’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्यांचा शेरा आला की मुलं यातून ‘कर्णाचे भाग’ एवढंच उचलतात आणि BC² = 9 × 16 मांडून मोकळी होतात. तुकड्यांना स्वतःचं नाव असेल तर वाक्यात ‘कर्ण’ एकदाच येईल. असा एकच शब्द आहे का?

जुनी_वही
आहे. आबाधा. पायावर लंब टाकला की पायाचे जे दोन भाग होतात त्यांना लीलावतीत हाच शब्द आहे. आणि तुमचं उदाहरण तर भास्कराचार्यांच्या बीजगणितातलंच आहे. तिथे बाजू ‘तिथी’ आणि ‘नख’ म्हणजे 15 आणि 20 दिल्यात आणि श्रुति विचारली आहे. श्रुति म्हणजे कर्णच. कान आणि ऐकणं यांचं नातं जोडून कर्णाला श्रुति, श्रवण असे पर्याय वापरत.

तिथली रीत बघा. कर्ण माहीत नाही, त्याला य म्हणा. कर्णालाच पाया समजून लंब टाका. होणारे दोन्ही लहान त्रिकोण मोठ्याशी समरूप. आता त्रैराशिक: कर्ण य असताना बाजू 15, तर कर्ण 15 असताना किती? 225/य. ही एक आबाधा. तसंच दुसरी 400/य. दोन्ही मिळून पूर्ण कर्ण, म्हणून 625/य = य आणि य = 25. तुमचं दुसरं विधान वापरलं की पायथागोरस आपोआप निघतो.

तेव्हा लिहा: ‘बाजूचा वर्ग = कर्ण × लगतची आबाधा’.

रोजची_मराठी
शब्द देखणा आहे, पण दहावीच्या मुलानं तो आधी कुठे ऐकलाय? त्याला ‘बाधा’ आठवेल नाहीतर ‘अबाधित’. एका वाक्यासाठी नवा शब्द शिकवायचा आणि पुढच्या पानावर तो पुन्हा येणारच नाही. ‘संपूर्ण कर्ण’ असं लिहा, काम झालं. चूक ‘संपूर्ण’ नसल्यामुळे होते आहे, ‘आबाधा’ नसल्यामुळे नाही.

जुनी_वही
‘बाधा’शी नातं असलं तर बिघडलं कुठे? लंब येऊन पायाला अडवतो, अडवल्यानं तुकडे होतात. मला ही व्युत्पत्ती पटते.

रोजची_मराठी
पटणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

शून्य_लब्धी
आबाधा याला पाठिंबा, कारण अर्थ नेमका आहे. लंब हा आबाधांचा भूमितीमध्य असतो, त्यामुळे शब्दातच प्रमेय येतं.

खडू
नाही, ते फक्त काटकोन त्रिकोणात. लीलावतीतलंच 13, 14, 15 बाजूंचं उदाहरण घ्या. 14 च्या पायावर लंब 12, आबाधा 5 आणि 9. गुणाकार 45, लंबाचा वर्ग 144. आबाधा कोणत्याही त्रिकोणाच्या असतात. भूमितीमध्याचं नातं समरूपतेतून येतं आणि ती समरूपता शिरोबिंदूशी काटकोन असेल तरच जमते.

मोहोर, शेऱ्यातल्या चुकीबद्दल. 9 × 16 = 144, म्हणजे त्या मांडणीत BC = 12 येतो, लंबाएवढाच. बाजू लंबाएवढी असूच शकत नाही, कारण BC हा △BDC चा कर्ण आहे आणि BD त्याच त्रिकोणाची बाजू. पत्रकात पडताळा म्हणून हे द्या: उत्तर लंबापेक्षा मोठं आणि कर्णापेक्षा लहान यायला हवं.

मूळ घोटाळा शब्दांआधी अक्षरांत होतो. △ABC ~ △ADB ~ △BDC असं लिहिलं की काटकोनाचं अक्षर प्रत्येक ठिकाणी मधोमध येतं: B, D, D. बाजू जागेनुसार जुळवा. पहिल्या आणि तिसऱ्या त्रिकोणावरून AC/BC = BC/DC, म्हणजे BC² = 25 × 16 = 400. मुलं △ABD लिहितात, तिथे मधलं अक्षर B होतं, काटकोन सुटतो आणि पुढची सगळी गुणोत्तरं बिघडतात. तिन्ही त्रिकोण सुटे काढून काटकोन एकाच कोपऱ्यात ठेवले की 9-12-15, 12-16-20 आणि 15-20-25 सरळ दिसतात.

पांथस्थ
मला ‘भूमितीमध्य’ हाच शब्द खटकतो. मध्य म्हणजे बरोबर मधला. 9 आणि 16 चा मधला 12.5. मग लंब 12.5 हवा ना?

खडू
12.5 ही लांबी आकृतीत आहे, पण ती मध्यगेची. B पासून कर्णाच्या मध्यबिंदूपर्यंतचं अंतर कर्णाच्या निम्मं असतं, 25/2. म्हणजे दोन तुकड्यांची सरासरी ही मध्यगा आणि भूमितीमध्य हा लंब, दोन्ही एकाच शिरोबिंदूतून निघतात. लंब हे सर्वांत कमी अंतर, म्हणून भूमितीमध्य सरासरीपेक्षा मोठा होत नाही. दोन्ही तुकडे सारखे असले तरच दोघं एकमेकांवर बसतात.

रोजची_मराठी
शाळेत भूमितीमध्य, संख्याशास्त्रात गुणोत्तर मध्य. यातला एकच ठेवायला हवा.

सुरेख
√7 काढायची रचना विचारलीय ना? माझ्या भाच्याच्या वहीत ती नेहमी चुकते, म्हणून लिहितो. 7 आणि 1 एकक एका रेषेत जोडून घ्या, एकूण 8. त्यावर 4 त्रिज्येचं अर्धवर्तुळ. लंब जोडावरून उभा करायचा. तो मुलगा केंद्रावरून करतो आणि 4 मिळवतो. एकक 2 सेंमी घेतलं तर लंब सुमारे 5.3 सेंमी भरायला हवा.

खडू
विचारलं नव्हतं, पण त्याचं 4 म्हणजे 7 आणि 1 ची सरासरीच. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून व्यास हा कर्ण आणि त्याचे तुकडे 7 आणि 1.

मोहोर
‘संपूर्ण कर्ण’ सध्या घेते, पडताळ्याची ओळही घालते. आणखी एक. ‘शिरोलंब’ की ‘उंची’? कर्ण तिरपा काढला की मुलं उभी बाजूच उंची धरतात.

शून्य_लब्धी
शिरोलंबच. उंची हा शब्दच चुकीचा.

खडू
चुकीचा नाही. काटकोन त्रिकोणाला तीन शिरोलंब असतात, त्यातले दोन म्हणजे त्याच्याच बाजू. उभी बाजू आडव्या पायावरची उंची आहेच. ½ × 15 × 20 आणि ½ × 25 × 12, दोन्हींनी क्षेत्रफळ 150. कोणत्या पायावरची उंची ते लिहिलं की झालं.

जुनी_वही
लंबाचा विषय निघालाच आहे तर लीलावतीतला 10, 17 बाजूंचा आणि 9 पायाचा त्रिकोण घ्या. लंब 8 पायाच्या बाहेर पडतो, आबाधा 15 आणि ऋण 6. ‘तुकडा’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, ऋण तुकडा कसा दाखवणार?

रोजची_मराठी
काटकोन त्रिकोणात कर्णावरचा लंब बाहेर पडतच नाही. तिथे ‘तुकडा’ पुरतो.

जुनी_वही
आज पुरतो. अकरावीत त्याच मुलाला दुसरा शब्द शोधावा लागेल.