मदत हवी आहे: आमच्या बाटलीत पाऊस दुप्पट का भरतो?

खळ्यातलं_पाणी
नमस्कार. आम्ही गुहागरजवळ राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे. मृग लागल्यापासून आम्ही दोघं रोज पाऊस मोजून वहीत लिहितो, शेजारी वारा आणि ढग. पण आमचा आकडा बातम्यांत येणाऱ्या तालुक्याच्या आकड्याच्या दुप्पट असतो. परवा आमचा 143 मिलिमीटर आणि त्यांचा 68. काल रात्री ती खोडरबर घेऊन बसली आणि आपले आकडे पुसून बातमीतले लिहायला लागली. म्हणाली, "बाबा, आपलं खोटं आहे ना." मला फार वाईट वाटलं. चूक कुठे आहे ते कृपया लवकर सांगा, उद्या सकाळी ती वही उघडेल.

चुलीवरचा_चहा
बाटली कुठली, कुठे ठेवली आहे, किती वाजता बघता? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

जांभ्याची_विहीर
दुप्पट भरतोय तर टाकी बांधून घ्या! 100 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होतं. आमच्याकडे पन्हाळीला पाइप लावून पहिल्या पावसाचं पाणी सोडून देतो आणि पुढचं साठवतो. एप्रिलमध्ये टँकर मागवायला लागत नाही. हवं असेल तर जाळी कशी बसवायची ते लिहितो.

खळ्यातलं_पाणी
विहीर, टाकीचं नंतर नक्की विचारेन, आत्ता मोजमापाचा प्रश्न आहे.
दोन लिटरची शीतपेयाची बाटली आहे, वरचा भाग कापलेला. तिच्यावर रॉकेलचं जुनं रुंद नरसाळं बसवलंय, म्हणजे पाणी नीट आत जातं. बाहेरून पट्टी चिकटवली आहे, 0 ते 20 सेंटिमीटर. पडवीच्या पायरीजवळ ठेवतो. सकाळी शाळेची घाई असते, म्हणून संध्याकाळी सहाला वाचून ओततो.

माडाखाली
मग झालंच की! पडवीजवळ म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे थेट आत जाणार. उचला आणि गच्चीवर ठेवा, प्रश्न मिटला.

वेधशाळेचा_जावई
शिंतोड्यांचं बरोबर आहे, जागा बदलायलाच हवी. पण शिंतोड्यांनी रोज नेमका दुप्पट होणार नाही. कधी दीडपट होईल, कधी काहीच फरक पडणार नाही. रोज एकाच पटीत चुकतंय म्हणजे चूक भांड्यात आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास आतून मोजा. बाटलीभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबीही मोजा. हे काम मुलीलाच करू द्या.

वायफायवाला
बाटली-नरसाळं कशाला, आता स्वयंचलित यंत्र मिळतं. आत छोटी झुलती चमची असते, ती भरली की उलटते आणि मोबाइलवर आकडा येतो. मी दोन वर्षं वापरतोय.

वेधशाळेचा_जावई
यंत्र चांगलं आहे, पण आपल्याकडच्या मुसळधार सरीत चमची उलटत असताना पडलेलं पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो. शिवाय मुंग्या आणि कोळ्याची जाळी. तुम्ही ते कधी बाटलीशी ताडून बघितलंय का?

वायफायवाला
ताडून नाही बघितलं. पण जाळं माझ्याकडेही झालं होतं, ते खरं आहे.

खळ्यातलं_पाणी
मोजलं. नरसाळं 15 सेंटिमीटर. दोरा 33 सेंटिमीटर, म्हणजे बाटली साडेदहाची.

वेधशाळेचा_जावई
सापडलं. तुम्ही पाऊस 15 च्या तोंडाने गोळा करता आणि साडेदहाच्या बाटलीत उंची मोजता. तोंडाचं क्षेत्रफळ साधारण 177 चौरस सेंटिमीटर, बाटलीचं साडेशहाऐंशी. म्हणून बाटलीतलं पाणी खऱ्या पावसाच्या 2.04 पट चढतं. परवाचे 143 भागिले 2.04 म्हणजे 70. तुमचं खोटं नव्हतं, पट्टी चुकीची होती.

आठ वर्षांच्या मुलीला भागाकार करायला लावू नका, पट्टीच नवी करा. बुडाशी खळगे असतात, म्हणून आधी थोडे खडे टाका, ते बुडतील इतकं पाणी ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. मग औषधाच्या मापाने 177 मिलिलिटर पाणी मोजून ओता आणि पाणी आलं तिथे रेघ मारा. तुमच्या नरसाळ्यासाठी तो 10 मिलिमीटर पाऊस. पुन्हा 177 ओता, ती 20 ची रेघ. असं वरपर्यंत. रोज ओतून झालं की पुन्हा शून्यापर्यंत पाणी भरून ठेवायचं.

जुने आकडे पुसू नका. जे दिसलं ते तसंच राहू द्या आणि शेजारी नवा रकाना आखून दुरुस्त आकडा लिहा. बाटली कधी काठोकाठ भरली होती का?

खळ्यातलं_पाणी
हो, दोन दिवस 200 वर थांबली होती. तेही ती पुसणार होती.

वेधशाळेचा_जावई
त्या दोन दिवसांत किती पडला ते आता कळणार नाही. तिथे "98 पेक्षा जास्त" असं लिहा. पुढे बाटली नरसाळ्यापेक्षा अरुंद डब्यात ठेवा आणि नरसाळ्याची कड डब्याच्या काठाच्या बाहेर येऊ द्या, म्हणजे डब्यात फक्त बाटलीतून सांडलेलं पाणी येईल. तेही मोजून मिळवा. आपल्याकडे 200 च्या वरचे दिवस येतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, तुमच्या बाटल्या किती भरल्या असत्या ते तिला काढायला सांगा.

आणि 70 आणि 68 इतके जवळ आले यात थोडा योगायोग आहे. हवामान खात्याचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या सकाळी 8:30, आणि तो पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेला लिहितात. तुमचा दिवस सहा ते सहा. रात्रीची सर तुमच्याकडे एका तारखेला पडेल आणि त्यांच्याकडे दुसऱ्या.

माडाखाली
सगळं मान्य, पण जागेचं काय? गच्ची मोकळी असते, मी अजूनही तेच म्हणेन.

वेधशाळेचा_जावई
गच्चीच्या कठड्यावरून वारा उसळतो आणि थेंब तोंडावरून उडून जातात. समुद्राकाठी तर जास्तच. कड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर उंच, खाली गवत, आणि घर किंवा झाड जितकं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब.

माडाखाली
वीस मीटरच्या माडापासून चाळीस मीटर लांब? कोकणातल्या वाडीत अशी जागा कुणाकडे असते?

उत्तरा_फाल्गुनी
आमचे आजोबा नक्षत्राप्रमाणे वही ठेवायचे. वाहन कोणतं, तरणा पाऊस कसा लागला, म्हातारा कसा लागला. मुलीच्या वहीत नक्षत्राचा रकाना जरूर घाला, पेरणी आणि लावणी त्यावरच लक्षात राहते. मिलिमीटर कुणाच्या लक्षात राहतात?

खळ्यातलं_पाणी
सगळ्यांचे आभार. पहाटे दोघांनी नवी पट्टी केली. 177 चं माप तिने प्रत्येक वेळी दोनदा तपासलं. जुने आकडे तसेच आहेत, शेजारी हिरव्या पेनाने नवे आहेत आणि दोन ठिकाणी "98 पेक्षा जास्त". नक्षत्राचा रकाना तिला आवडला, तो आजीला विचारून भरणार आहे. शाळेच्या दिवशी 8:30 चं वाचनही आजीच करेल.

जागा मात्र नाही सापडली. सगळीकडे माड आहेत आणि नारळ पडतो तिथे तिला पाठवणार नाही. तूर्त खळ्याच्या मधोमध ठेवलं आहे, घरापासून सात पावलांवर. खाली जांभा आहे, गवत नाही. शिंतोडे उडू नयेत म्हणून खाली काय पसरावं, कुणी करून बघितलं आहे का?

चुलीवरचा_चहा
काथ्याची जुनी चटई टाकून बघा. मी खात्री देत नाही. आणि घराची उंची किती ते पुन्हा लिहायचं राहिलंय.