शाई फुटलेल्या पानाच्या फोटोत अक्षरं चिकटतायत, मदत हवी आहे

फाउंटन पेनने निळ्या शाईत लिहिलेल्या जुन्या वहीचे फोटो काढलेत, कागद शाई पिणारा असल्यामुळे प्रत्येक रेघेच्या कडेला बारीक तंतू फुटलेत आणि शेजारची अक्षरं त्यातून एकमेकांना जोडली गेलीयत. पान काळं-पांढरं केलं की 'र' नि 'व' मिळून सरळ 'ख' दिसतो, 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ भरून जाते.

आधी ओपनिंग करून बघितलं, पण जोड ३-४ पिक्सेलचा आणि निबच्या बारीक रेघाही तेवढ्याच, त्यामुळे जोड तुटतो तेव्हा अनुस्वार आणि वेलांटीचं टोकही उडतं, म्हणजे नुसत्या जाडीवरून काही जमणार नाही.

झूम केल्यावर मात्र फरक दिसतो, मूळ रेघ गडद आणि फुटलेली शाई फिकट. रेड चॅनलमध्ये निळी शाई सगळ्यात काळी येते त्यामुळे तो फिकट भागही ठळक होतो, ब्लू चॅनलमध्ये तो जवळजवळ कागदात विरतो. म्हणून आता ब्लू घेऊन थ्रेशोल्ड कडक ठेवलाय, बरीच अक्षरं सुटली, पण जिथे पेन हलका चाललाय तिथल्या रेघा तुटतात.

तर दोन्ही चॅनल एकत्र कसे वापरायचे? ब्लूमधला गाभा धरून रेडमधून फक्त तुटलेली रेघ भरायची, शेजारच्या अक्षराला न चिकटवता, असं कुणी केलंय का? आणि जिथे चक्क डाग पडलाय तिथे गाभाही दिसत नाही, ती अक्षरं सोडूनच द्यायची ना?