मदत हवी आहे : निविदा अपात्र केली आणि बयाणा रक्कमही जप्त केली, दाद कुठे मागावी?

बांधकामवाला
आमच्या फर्मने एका शासकीय कार्यालयाच्या रस्ता सुधारणेच्या कामासाठी ई-निविदा भरली होती. तांत्रिक लिफाफा उघडल्यावर आम्हाला अपात्र ठरवण्यात आले आणि तेवढ्यावर न थांबता बयाणा रक्कमही जप्त केल्याचे पत्र हाती आले. हा उघड अन्याय आहे. आधी वरिष्ठ कार्यालयाकडे अर्ज करावा की थेट उच्च न्यायालयात जावे, आणि पैसे परत मिळतात की नाही, एवढेच कृपया जाणकारांनी सांगावे. इतरांचे वित्तीय लिफाफे उघडून झाले आहेत, त्यामुळे उत्तर तातडीने हवे आहे.

उद्योगिनी
तुमची उद्यम नोंदणी आहे का? सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाणा रक्कम भरण्यातून सूट असते. आमच्या युनिटने शासकीय पुरवठ्याच्या निविदांमध्ये कधीही बयाणा भरलेला नाही. नोंदणी असूनही तुमच्याकडून रक्कम घेतली असेल, तर तोच पहिला मुद्दा करावा.

बांधकामवाला
ताई, रक्कम का भरावी लागली हा माझा प्रश्न नाही. ती आम्ही भरली आणि ती जप्त झाली, हा प्रश्न आहे.

निवृत्त लेखाधिकारी
शिवाय ती सवलत वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे, बांधकामाच्या कामांना ती सहसा लागू होत नाही, त्यामुळे हा मुद्दा येथेच सोडावा.

बांधकामवाला, तुम्ही जे सांगितले आहे त्यावरून कोणालाही सल्ला देता येणार नाही. जप्तीच्या पत्रात कारण कोणत्या शब्दांत दिले आहे, निविदा सूचनेतील कोणत्या अटीचा उल्लेख आहे, जप्तीपूर्वी खुलासा मागवला होता का, रक्कम ऑनलाइन भरली होती की बँक हमी दिली होती, आणि कार्यारंभ आदेश निघाला आहे का, हे आधी सांगा. निविदा नाकारणे आणि बयाणा जप्त करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला बरोबर असूनही दुसरा चुकीचा असू शकतो. बहुतेक ठेकेदार दोन्हींची एकच तक्रार करतात आणि त्यामुळे जो मुद्दा जिंकता आला असता तोही गमावतात.

बांधकामवाला
पत्रातील वाक्य जसेच्या तसे देतो : “सादर केलेली कागदपत्रे अपूर्ण व माहिती दिशाभूल करणारी असल्याने आपली निविदा अपात्र करण्यात येत असून बयाणा रक्कम शासनजमा करण्यात येत आहे.” एवढेच. अट क्रमांक नाही, कोणते कागदपत्र ते नाही, आणि आधी नोटीसही आली नव्हती. कार्यालयात विचारले तेव्हा तोंडी सांगण्यात आले की हाती असलेल्या कामांच्या यादीत आम्ही एका पुलाच्या जोडरस्त्याचे काम दाखवलेले नाही. ते काम निविदा भरण्यापूर्वीच पूर्ण झाले होते, काम पूर्णत्वाचा दाखला त्याआधीच्या तारखेचा आहे, फक्त अंतिम देयक निघायचे आहे. अंदाजपत्रकीय रक्कम २ कोटी ४० लाख, बयाणा एक टक्क्याप्रमाणे २,४०,००० रुपये, ऑनलाइन भरलेला. कार्यारंभ आदेशाबद्दल संकेतस्थळावर अद्याप काही दिसत नाही.

करारनामा
मग काम सोपे आहे. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार शासनाचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय एक रुपयाही जप्त करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. तुमचे काम दुसऱ्याला मिळणार, शासनाचे नुकसान शून्य. सरळ वकिलाची नोटीस पाठवा.

अ‍ॅड. खंडपीठ
करारनामा यांनी सांगितलेले अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे या प्रकरणात घातक ठरेल. त्याच निकालात असेही म्हटले आहे की जाहीर लिलावाच्या अटींनुसार, करार होण्यापूर्वीच जप्ती झाली असेल तर कलम ७४ लागू होत नाही. निविदेतील बयाणा हा करारापूर्वीचाच टप्पा आहे, त्यामुळे सरकारी वकील याच परिच्छेदावर बोट ठेवतील. नुकसान झाले नाही हे म्हणावे, पण त्याला मुख्य आधार करू नये.

मुख्य आधार निविदा सूचनेतच आहे. बयाणा कोणत्या प्रसंगी जप्त होईल, हे तिच्यात मोजक्या शब्दांत लिहिलेले असते : वैधता कालावधीत निविदा मागे घेतली, काम मिळाल्यावर करार केला नाही किंवा सुरक्षा ठेव भरली नाही, आणि खोटी कागदपत्रे अथवा खोटी माहिती दिली. तुमच्या सूचनेत हीच भाषा आहे का, ते आधी शब्दशः वाचा. “अपूर्ण” हा शब्द या यादीत सहसा नसतो. अपूर्ण कागदपत्रांमुळे निविदा बाद होते, पण बयाणा जात नाही. म्हणून पत्रात “अपूर्ण” आणि “दिशाभूल करणारी” हे दोन्ही शब्द एकत्र घालून ठेवले आहेत, आणि कोणते कागदपत्र ते सांगितलेले नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मोहिंदरसिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त या १९७७ सालच्या निकालापासून तत्त्व असे आहे की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच तपासायची, पुढे शपथपत्रात नवी कारणे जोडून तो तगवता येत नाही. जोडरस्त्याच्या कामाचे कारण तुम्हाला तोंडी कळले आहे, पत्रात ते नाही. त्यामुळे “आमचे ते काम पूर्ण झाले होते, म्हणून दाखवले नाही” असा लांबलचक खुलासा आपण होऊन पहिल्याच अर्जात करू नका. आधी लेखी कारण, अट क्रमांक आणि निविदा समितीच्या मूल्यमापन अहवालाची प्रत मागा.

दगडखाण
माझाही बयाणा गेला आहे. दर भरताना एका बाबीत चूक झाली होती, म्हणून लिफाफे उघडण्याच्या आधी मी निविदा मागे घेत असल्याचे पत्र दिले, तरीही रक्कम जप्त झाली. कोर्टातही काही हाती लागले नाही. अनुभवावरून सांगतो, पैसे विसरा आणि पुढची निविदा भरा.

अ‍ॅड. खंडपीठ
दगडखाण, तुमचे प्रकरण वेगळे आहे. वैधता कालावधीत निविदा मागे घेतली की बयाणा जप्त करता येतो, हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या २००३ च्या निकालाने पक्के झाले आहे. येथे ठेकेदाराने माघार घेतलेली नाही, त्याला बाहेर काढण्यात आले आहे. तुमचा अनुभव खरा असला तरी त्यातून या प्रश्नाचे उत्तर निघत नाही.

निवृत्त लेखाधिकारी
“दिशाभूल” या शब्दाबद्दल मला आकडेमोड करून पाहावीशी वाटते. हाती असलेल्या कामांची यादी मागतात ती निविदा क्षमता काढण्यासाठी. तुमच्या निविदेत सूत्र कोणते आहे? साधारणपणे (अ × न × २) − ब असे असते. त्यात अ म्हणजे मागील पाच वर्षांतील एका वर्षात केलेल्या कामाची सर्वाधिक किंमत, न म्हणजे कामाचा कालावधी वर्षांत, आणि ब म्हणजे त्या कालावधीत हातातल्या कामांपैकी करायचे शिल्लक काम.

बांधकामवाला
सूत्र हेच आहे आणि गुणक २ आहे. अ १ कोटी ९० लाख, कालावधी बारा महिने, आम्ही दाखवलेला ब ९५ लाख. जोडरस्त्याच्या कामाचे अंतिम देयक सुमारे ३० लाखांचे आहे.

निवृत्त लेखाधिकारी
म्हणजे ३ कोटी ८० लाखांतून ९५ लाख वजा जाता तुमची क्षमता २ कोटी ८५ लाख येते. आता कार्यालयाचेच म्हणणे धरू आणि ते तीस लाखही वजा करू. तरी २ कोटी ५५ लाख उरतात, आणि काम २ कोटी ४० लाखांचे आहे. ते काम दाखवले असते तरी तुम्ही पात्रच होता. ज्या माहितीमुळे पात्रतेत काहीच फरक पडत नाही, ती लपवून दिशाभूल करण्याचे कारणच उरत नाही. हा तक्ता एका पानावर मांडून सनदी लेखापालाच्या सहीने तयार ठेवा. लेखी कारण हाती आल्यावर तो जोडा, आणि याचिका करावी लागली तर तिच्यासोबतही लावा.

उपअभियंता
मी दुसऱ्या बाजूने काम केले आहे, म्हणून सांगतो. मोजमाप पुस्तकात अंतिम देयकाची नोंद होईपर्यंत आमच्या नोंदवहीत काम “चालू” असते. समितीसमोर ती नोंदवही असते, ठेकेदाराच्या फाइलमधला पूर्णत्वाचा दाखला नसतो. त्यामुळे समितीला तफावत दिसणे स्वाभाविक आहे. शपथपत्रात “सर्व कामे दाखवली आहेत” असे लिहून दिले असेल, तर माझ्या मते निविदा बाद करणे योग्यच आहे.

निवृत्त लेखाधिकारी
तफावत दिसणे मान्य आहे, पण तफावत दिसली की आधी खुलासा मागवायचा असतो. आणि ब मध्ये शिल्लक काम मोजतात, शिल्लक देयक नव्हे. मोजायला काम उरलेच नसेल तर त्या रकान्यात शून्य येते.

उपअभियंता
रकान्यात शून्य आले तरी ओळ लिहायला हवी होती, असे मी म्हणेन. विहित नमुन्यात रकान्याचे शीर्षक काय आहे, त्यावर हे ठरेल.

करारनामा
मग आधी अपील की आधी कोर्ट? वरिष्ठ कार्यालयात अर्ज पडून राहतात आणि तोवर दुसरा ठेकेदार खडी टाकून मोकळा होतो. थेट स्थगिती घ्यावी.

अ‍ॅड. खंडपीठ
स्थगितीची फार आशा धरू नये. एन. जी. प्रोजेक्ट्स विरुद्ध विनोद कुमार जैन या २०२२ च्या निकालानंतर पायाभूत सुविधांच्या कामांना स्थगिती देताना उच्च न्यायालये हात आखडता घेतात, आणि रस्ता त्यातच येतो. निविदेच्या अटीचा अर्थ लावताना ती तयार करणाऱ्या कार्यालयाच्या मताला वजन द्यावे, हे अ‍ॅफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या २०१६ च्या निकालात आले आहे. म्हणून अपात्रतेचा मुद्दा कठीण आणि वेळेशी बांधलेला आहे. कार्यारंभ आदेश निघून काम सुरू झाले की तो जवळपास संपतो.

बयाण्याचे मात्र तसे नाही. रस्ता कोणीही केला तरी २,४०,००० रुपये परत करता येतात आणि त्यासाठी काम थांबवावे लागत नाही. म्हणून निवेदन आजच द्या, त्यात अपात्रता मागे घेण्याची व रक्कम परत करण्याची मागणी वेगवेगळ्या परिच्छेदांत करा, उत्तरासाठी थोड्या दिवसांची मुदत द्या आणि पोच घ्या. त्याच वेळी अनुच्छेद २२६ खालील याचिका तयार करायला घ्या, निवेदनाच्या उत्तरासाठी ती अडवू नका. याचिकेतही मागण्या स्वतंत्र ठेवा, म्हणजे पहिली फेटाळली तरी दुसरी उभी राहील. तिसरी मागणी विसरू नका : “दिशाभूल करणारी माहिती” हा शेरा पुढे काळ्या यादीसाठी वापरला जाऊ नये. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी तसा स्पष्ट उल्लेख असलेली कारणे दाखवा नोटीस लागते, हे गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस या २०१४ च्या निकालात आहे. अडीच लाखांपेक्षा हा शेरा तुम्हाला जास्त महागात पडेल, कारण पुढच्या प्रत्येक निविदेच्या शपथपत्रात त्याबद्दल विचारतील.

बांधकामवाला
निविदा सूचना पुन्हा वाचली. जप्तीच्या अटीत “खोटी अथवा बनावट कागदपत्रे” असे शब्द आहेत, “दिशाभूल” हा शब्द कुठेही नाही. नमुन्यातील शीर्षक “निविदा सादर करण्याच्या दिनांकास प्रगतिपथावरील कामे” असे आहे. निवेदन आज देतो, त्यात कारण, अट क्रमांक आणि अहवालाची प्रतच मागतो. एक शंका उरते. सर्वात कमी दर ज्यांचा आला आहे ते आमच्या परिचयाचे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध आमची काही तक्रार नाही. त्यांना याचिकेत प्रतिवादी न करता चालेल का?

अ‍ॅड. खंडपीठ
अपात्रता रद्द करण्याची मागणी ठेवणार असाल तर चालणार नाही. निकालाचा परिणाम त्यांच्यावर होतो, आणि त्यांना पक्षकार न केल्याच्या एवढ्याच कारणावरून याचिका अडकेल. फक्त बयाणा व शेरा यांपुरतीच याचिका करणार असाल, तर त्यांची गरज नाही.

उपअभियंता
“प्रगतिपथावरील” असे शीर्षक असेल, तर माझा आक्षेप बराच दुबळा होतो. तरी दाखल्यावरील तारीख आणि मोजमाप पुस्तकातील शेवटच्या मोजमापाची तारीख जुळते का, ते अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्या. दाखला आधीचा आणि मोजमाप नंतरचे असेल, तर समिती नेमके तेच दाखवील.