'कॅन्सल करा आणि परत घ्या' हा सल्ला आता पुरे

पोपटराव: कार्ड बदललं की सबस्क्रिप्शन कॅन्सल करायचं आणि नव्या कार्डावर परत घ्यायचं. दोन मिनिटांचं काम. लोक एवढी डोकेफोड का करतात कळत नाही.

सांजवात: तुमची ही दोन मिनिटं मला पाचशे रुपयांना पडली. एका ओटीटीचं वार्षिक सबस्क्रिप्शन जुन्या दराने ९९९ मध्ये चालू होतं. कॅन्सल केलं, परत घ्यायला गेले तर १४९९. जुना दर फक्त चालू ग्राहकांना, म्हणे.

म्हणून दुसऱ्या ठिकाणी शहाणपणा केला. नूतनीकरण १८ डिसेंबरला, कार्ड नोव्हेंबरअखेर संपणार. नवीन कार्ड हातात आलं, पण पैसे कापून घ्यायला दिलेली परवानगी, म्हणजे मँडेट, काही त्यावर आपोआप आलं नाही. २८ नोव्हेंबरला खात्यात जाऊन `Next billing date` चा स्क्रीनशॉट काढला, सबस्क्रिप्शनला हात न लावता फक्त पेमेंट मेथडमध्ये नवीन कार्ड टाकलं, ओटीपी दिला. दोन रुपये कापले, चार दिवसांनी परत आले. तारीख पुन्हा पाहिली, १८ डिसेंबरच. १६ तारखेला बँकेचा एसएमएस आला, त्यात नव्या कार्डाचे शेवटचे चार आकडे. तेव्हा कुठे झोप लागली.

पोपटराव: कॅन्सल म्हणजे लगेच बंद होत नाही हो! भरलेली मुदत संपेपर्यंत चालतं. मुदत संपली की नवीन घ्या, दुहेरी पैसे जातच नाहीत. तीनदा केलंय.

सांजवात: दुहेरी जात नाहीत, हे मान्य. दर गेला त्याचं काय?

पोपटराव: बरं बाई, दराचं तुमचं खरं. पाचशे रुपयांसाठी केवढा हा निबंध!

गोट्या_७७: मुद्दा राहिला. जुनं मँडेट आधी यूपीआय ॲपच्या ऑटोपेमधून उडवा, मगच नवीन लावा. नाहीतर दोन्हीकडून कापतील.

देवगड_हापूस: उलटं सांगताय. पेमेंट गेटवेत नऊ वर्षं काढली आहेत. मँडेट म्हणजे परवानगी. पैसे मागणारा एकच, तो त्याच्याकडे जी पद्धत निवडलेली आहे तिथूनच एकदा मागतो. दोन मँडेट पडून राहिली म्हणून दोनदा कापत नाही. पण जुनं आधी उडवलंत तर काही कंपन्यांना तो सरळ 'ग्राहक गेला' असा निरोप पोचतो आणि नूतनीकरणच बंद पडतं. आधी नवीन लावा, त्यावरून एक हप्ता जाऊ द्या, मग जुनं काढा.

आणि शेवटच्या दोन दिवसांत बदल करू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना जावी लागते. ती जुन्या कार्डाच्या नावाने गेली असेल तर मागणीही तिथूनच होण्याची शक्यता असते.

गोट्या_७७: मग नवीन कार्ड लावलं त्याच मिनिटाला माझे १९९ का गेले? हा अनुभव आहे, थिअरी नाही.

देवगड_हापूस: त्या महिन्याचे पैसे आधी फेल झाले होते का?

गोट्या_७७: ...हो. खात्यात शिल्लक नव्हती.

देवगड_हापूस: मग ती थकबाकी होती. थकलेल्या सबस्क्रिप्शनला नवीन कार्ड दिलं की पहिलं काम वसुलीचं.

गोट्या_७७: बरं, साहेब. नऊ वर्षांपुढे आम्ही काय बोलणार.

माहेरची_साडी: यूपीआयने मंजुरी देताना ५००० दिसले म्हणून मी घाबरून बॅक केलं. १४९ चा प्लॅन आहे!

देवगड_हापूस: ती कमाल मर्यादा, ताई. कापायचे १४९ च.

बे_एरियातला_बाळू: हे सगळं ठीक, पण ओटीपीचं काय? साताऱ्याला आईबाबांचं ओटीटी माझ्या भारतातल्या कार्डावर. ते बाबांच्या कार्डावर न्यायचंय. ओटीपी येतो त्यांच्या बटणाच्या फोनवर. चष्मा सापडेपर्यंत मुदत संपते. तीनदा झालं, चौथ्यांदा बँकेने कार्डच ब्लॉक केलं!

पोपटराव: तिकडून डॉलर पाठवता, एक स्मार्टफोन पाठवा की.

बे_एरियातला_बाळू: पाठवलाय. कपाटात आहे, खोक्यासकट. बाबांना टोमणे मारायची गरज नाही.

माहेरची_साडी: आमच्याकडेही तेच! सासऱ्यांचा नंबर बँकेत जुना, बदलायला शाखेत जा, तिथे म्हणतात साहेब जेवायला गेलेत.

सांजवात: बाळू, व्हिडिओ कॉल लावून ठेवा, चष्मा आधी डोळ्यावर चढवायला सांगा, मगच पुढचं बटण दाबा.

बे_एरियातला_बाळू: बटणाच्या फोनवर व्हिडिओ कॉल?

पोपटराव: म्हणून म्हणतो, कॅन्सल करा.