पाच टॉवेल, दोन लॉट: ३३० वर रेघ मारावी की ईएमचा फेरा घालावा?

साडेसहाची_शिफ्ट: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पातळ आणि जाड टॉवेलांचे दोन लॉट गोदामात मिसळले. लॉटच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत. पाच नग काट्यावर ठेवले: ३००, ३१०, ३२०, ३४० आणि ३७० ग्रॅम. रजिस्टरवरून पातळ साधारण ३१०, जाड साधारण ३५०, दोन्हींचं प्रमाण विचलन २० आणि माल निम्मा-निम्मा असं धरलं. मी सरळ ३३० वर रेघ मारून दोन्ही बाजूंची सरासरी काढली: ३१० आणि ३५५. एमएस्सीचे सर म्हणतात, ईएमचा एक फेरा हातानं कर, म्हणजे प्रत्येक टॉवेल कुठल्या लॉटचा याची शक्यता काढायची आणि तिच्यावरून सरासऱ्यांचे अंदाज सुधारायचे. पाच आकड्यांसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. कुणाला पटतो?

रेघवाला: मलाही पटत नाही. ३२० आणि ३४० च्या मध्ये वीस ग्रॅमची मोकळी जागा आहे, रेघ तिथंच पडते. ईएम ३४० च्या टॉवेलाला ०.७३ जाड म्हणणार, माल लावणाऱ्या पोराला तसं सांगून तो टॉवेल कुठल्या गठ्ठ्यात टाकणार?

आकडेमोड: मला पटतो. टॉवेल कुठल्या गठ्ठ्यात टाकायचा आणि दोन लॉटांची सरासरी किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला रेघ लागते. दुसऱ्याला तीच रेघ चुकीचं उत्तर देते, आणि नग वाढवले तरी ती चूक जात नाही.

रजिस्टर अगदी खरं आहे असं धरा. ३३० ही रेघ दोन्ही सरासरींपासून एक प्रमाण विचलन दूर आहे, म्हणून प्रत्येक लॉटचे शंभरातले सोळा टॉवेल तिच्या चुकीच्या बाजूला पडतात. पातळातले भारी नग जाडात मोजले जातात, जाडातले हलके पातळात. हिशेब केला तर रेघेखालची सरासरी ३०६.७ आणि वरची ३५३.३ निघते. खरं अंतर ४० चं, दिसतं जवळपास ४७. लाख टॉवेल तोलले तरी तेवढंच.

आता फेरा. प्रत्येक वजनाला विचारायचं: सध्याच्या अंदाजानुसार हा टॉवेल जाड लॉटचा असण्याची शक्यता किती? दोन्ही विचलनं सारखी आणि माल निम्मा-निम्मा, त्यामुळे वर्गाची पदं कटतात आणि सूत्र एवढंच उरतं, x म्हणजे वजन आणि r म्हणजे ती शक्यता, जाड लॉटचा वाटा:

```
r = 1 / (1 + e^(-(x-330)/10))
```

दहा आलं ते ४०० भागिले ४० मधून, म्हणजे विचलनाचा वर्ग भागिले सरासरींमधलं अंतर. ३०० ला ०.०४७, ३१० ला ०.११९, ३२० ला ०.२६९, ३४० ला ०.७३१ आणि ३७० ला ०.९८२. बेरीज २.१४९. म्हणजे पाच टॉवेलांपैकी सुमारे २.१५ टॉवेलांइतका माल जाड लॉटच्या नावावर आणि २.८५ पातळच्या. निम्मा-निम्मा आता ४३ आणि ५७ टक्के झाला.

मग प्रत्येक वजनाला त्याच्या वाट्यानं गुणून सरासरी. ३०० च्या वर किती, एवढंच धरलं की हात दुखत नाही. जाडाची बेरीज १०४.५५, भागिले २.१४९, म्हणजे ४८.७. नवी सरासरी ३४८.७ ग्रॅम. पातळाची ३५.४५ भागिले २.८५१, म्हणजे ३१२.४. ताळा लगेच करा: ३१२.४ चे ५७ टक्के अधिक ३४८.७ चे ४३ टक्के ही बेरीज ३२८ च्या आसपास यायला हवी, कारण पाचही वजनांची साधी सरासरी ३२८ आहे. पूर्ण दशांश घेतले तर ती तंतोतंत जुळते. जुळली नाही तर गुणाकारात कुठेतरी घसरलात.

व्हेरियन्स, म्हणजे विचलनाचा वर्ग, नव्या सरासरीपासून मोजायचा, जुन्या ३१० आणि ३५० पासून नाही. जाडाचं विचलन २१.७, पातळाचं १२.७. रेघ मारून काढाल तर १५ आणि ८.२ येतात, कारण रेघ शेपट्या छाटून टाकते.

मागवाला: एक विचारतो. ३४० चा टॉवेल ०.७३ जाड म्हणजे तीन चतुर्थांश जाड सूत आणि बाकी पातळ? आमच्या मागावर असं कधी विणलं नाही ओ. आणि मे महिन्यात तोललेला माल पावसाळ्यात पुन्हा काट्यावर टाकला तर भारी भरतो. सुती मालात ओल साडेआठ टक्के धरून व्यवहार होतो, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या कोरड्या टॉवेलात पंचवीसेक ग्रॅमचं पाणी. तुमचे दोन लॉट म्हणजे दोन दिवसांची हवा नसेल कशावरून?

आकडेमोड: नाही हो दादा, टॉवेल पूर्ण एकाच लॉटचा आहे. आपल्याला चिठ्ठी दिसत नाही, म्हणून शंका वाटून घेतली. अशाच वजनाचे बरेच नग आले तर त्यातले सुमारे ७३ टक्के जाड लॉटचे निघतील, असा अर्थ. हवेचा मुद्दा मात्र खरा आहे. ईएम दोन उंचवटे शोधून देतं, ते सुताचे की ओलाव्याचे हे ते सांगू शकत नाही. पाचही नग एकाच दिवशी तोलले होते का?

साडेसहाची_शिफ्ट: दोन दिवसांत तोलले. कुठला कधी, ते लिहिलेलं नाही.

रेघवाला: मग कसला ईएम आणि कसलं काय. शिवाय आकडेमोड, तुम्ही व्हेरियन्सला २.१५ नं भागलंत. नमुना एवढा लहान असताना एक वजा करून १.१५ नं भागायला हवं.

आकडेमोड: लहान नमुन्यात व्हेरियन्स कमी येतो, हे तुमचं बरोबर. पण फेऱ्यात वजा एक घातलात तर ईएमची हमी जाते. ती हमी अशी की फेऱ्यागणिक लॉग-लाइकलिहूड, म्हणजे आपले अंदाज या पाच वजनांशी किती जुळतात याचं माप, खाली जात नाही. इथं ते −२३.०९ होतं, एका फेऱ्यानंतर −२२.४३ झालं. हातानं करताना हाच आकडा माझा पहारेकरी. तो घसरला तर हिशेबात चूक आहे, पद्धतीत नाही.

साडेसहाची_शिफ्ट: मग जितका वर तितका चांगला?

आकडेमोड: तिथंच धोका आहे. जाड लॉटची सरासरी बरोबर ३७० वर ठेवा आणि विचलन लहान करत न्या. तो एकच टॉवेल धरून लाइकलिहूड अनंताकडे पळतं आणि लॉट मात्र एका नगाचा होतो. विचलन फेऱ्यागणिक आकसत शून्याकडे निघालं की ओळखायचं. दुसरा खड्डा उलटा: सगळं सारखं धरून दोन्ही सरासऱ्या ३२८ वर ठेवल्यात तर प्रत्येक वाटा अर्धा येतो, नवी सरासरी पुन्हा ३२८, आणि फेरे कितीही घाला, दोन्ही लॉट कधी वेगळे होत नाहीत.

रेघवाला: म्हणजे सुरुवात तुम्ही ठरवायची आणि उत्तर त्यावर. माझी रेघ निदान दिसते तरी. सुरुवात ३०० आणि ३७० धरून पुन्हा चालवा, विचलनं २० च ठेवा. उत्तर तिथंच येतं का ते दाखवा, मग बोलू.

साडेसहाची_शिफ्ट: तो फेरा मी घालते. पण आधी नवे आकडे घेऊन ३४० चा वाटा पुन्हा काढला, ०.८१ आला. आणि ३२० चा ०.२७ वरून ०.१८ वर उतरला. गठ्ठा लावताना मी दोन्ही तिथंच टाकले असते जिथं रेघेनं टाकले. सरासरी मात्र मी ३५५ लिहिणार नाही. उद्या गोदामातून आणखी वीस नग काढते, एकाच दुपारी तोलायचे आणि तारीख लिहायची.

मागवाला: तोलण्याआधी पोतं उघडून तासभर पसरून ठेवा. आतल्या घड्यांमधली ओल वरच्यासारखी नसते.